ऑब्जेक्ट स्नॅप आणि पोलर ट्रॅकिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटीआयच्या ड्राफ्ट्समन सिव्हिल ट्रेडची मुलं, संभाजीनगर-जालना-लातूरकडच्या इंजिनिअरांच्या ऑफिसात नव्याने बसलेले ड्राफ्ट्समन आणि वाळूजच्या काही वर्कशॉपमधली मंडळी जे प्रश्न सारखे पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं ऑटोकॅडला धरून आहेत आणि ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आहे असं गृहीत धरलं आहे. आपल्याकडे सगळ्यात जास्त अडचण येते ती काटकोनात नसलेल्या प्लॉटवर, म्हणून त्या प्रश्नाला जागाही जास्त दिली आहे.

ऑब्जेक्ट स्नॅप म्हणजे नेमकं काय? स्नॅप तर `F9` वरही आहे, मग `F3` कशाला?

दोन्ही वेगळे आहेत. `F9` चा स्नॅप कर्सरला ठरावीक अंतरावरच्या अदृश्य जाळीवर उड्या मारत नेतो. ड्रॉइंगमध्ये आधी काय काढलंय याच्याशी त्याचा संबंध नसतो. `F3` चा ऑब्जेक्ट स्नॅप उलट आधी काढलेल्या रेषा, वर्तुळं आणि चापांवरचे अचूक बिंदू पकडतो, म्हणजे रेषेचं टोक, तिचा मध्य, दोन रेषांचा छेद किंवा वर्तुळाचं केंद्र. घराच्या नकाशात `F9` बंदच ठेवा. तो चुकून चालू झाला की कर्सर अडखळत चालतो. "माउस खराब झालाय का?" असं विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं कारण हेच निघतं.

ऑब्जेक्ट स्नॅप स्वतःहून कमांड चालवत नाही. आधी `LINE` किंवा `MOVE` सारखी कमांड द्यायची, तिने बिंदू मागितला की मगच खुणा दिसतात. टोकावर चौकोन, मध्यावर त्रिकोण, केंद्रावर वर्तुळ आणि छेदावर फुली येते. खूण दिसली की क्लिक करा. कर्सर बिंदूवर तंतोतंत नसला तरी चालतं, खूण जिथे आहे तोच बिंदू घेतला जातो.

सगळेच स्नॅप चालू ठेवले तर काय बिघडतं? सर म्हणतात सिलेक्ट ऑल करा.

सरांचा मान राखून सांगतो, करू नका. गच्च भरलेल्या प्लॅनमध्ये एका दरवाज्याच्या कोपऱ्याजवळच आठ-दहा बिंदू असतात, आणि हवा त्याच्या शेजारचा पकडला जातो. सगळ्यात घातक `Nearest`. तो रेषेवर कर्सरच्या सर्वांत जवळ जो बिंदू येईल तो घेतो. खूण दिसते, आपण निर्धास्त क्लिक करतो, आणि टोकाऐवजी टोकापासून १४ मिलिमीटरवरचा बिंदू घेतला जातो.

कायम चालू ठेवायला टोक, मध्य, केंद्र आणि छेद हे चार पुरतात. `OSMODE` मध्ये प्रत्येक स्नॅपला आकडा आहे: टोक १, मध्य २, केंद्र ४, छेद ३२. बेरीज ३९. तेवढं टाइप केलं की चारच उरतात:

```
OSMODE
39
```

बाकीचे लागतील तेव्हा बोलवा. कमांडने बिंदू मागितला असताना `per` टाइप करून एंटर दिलं तर त्या एका क्लिकपुरता लंब स्नॅप लागतो. `tan`, `qua`, `nea` यांचंही तसंच. टाइप करायचं नसेल तर `Shift` दाबून राइट क्लिक करा, यादी येते. एकाच जागी दोन-तीन बिंदू भांडत असतील तर `Tab` दाबत जा, एकेक करून पुढे येतात.

ऑर्थो असताना पोलर कशाला?

ऑर्थो (`F8`) कर्सरला आडव्या-उभ्याशिवाय हलूच देत नाही. पोलर (`F10`) ठरवलेल्या कोनाजवळ कर्सर गेला की तुटक रेषा दाखवतो, पण सक्ती करत नाही. एक चालू केलं की दुसरं आपोआप बंद होतं. जिना, उतरतं छप्पर किंवा तिरकी भिंत असलेल्या कामात पोलरच सोयीचा पडतो.

कोन `DSETTINGS` मधल्या `Polar Tracking` टॅबवर बदलतात. वाढीचा कोन ४५ ठेवला तर ०, ४५, ९०, १३५ असे सगळे मिळतात. खाली जास्तीचे कोन लिहायची जागा आहे, तिथे मात्र गोची आहे. ते कोन पटीत चालत नाहीत. तिथे ८४ लिहिलं तर फक्त ८४ मिळतो. त्याच रेषेवरून उलट यायचं असेल तर २६४ वेगळा लिहावा लागतो. एखाद्याच रेषेसाठी कोन हवा असेल तर इतकंही करू नका. पुढचा बिंदू मागितल्यावर `<84` टाइप करून एंटर द्या. कर्सर त्या कोनावर बांधला जातो, मग अंतर टाका.

पोलर चालू होता, अंतरही टाइप केलं, तरी रेषा किंचित तिरकी आली. का?

दोन कारणं असतात.

पहिलं म्हणजे अंतर टाइप केलं त्या क्षणी तुटक रेषा दिसत नव्हती. पोलर फक्त ठरावीक कोनाच्या जवळपास पकडतो. हात जरा हलला, तुटक रेषा गेली आणि त्याच वेळी तुम्ही `12000` टाकून एंटर दिलं, तर रेषा १२००० लांबीचीच येते पण कर्सरच्या दिशेने. स्क्रीनवर ती सरळच वाटते. कोनात फक्त ०.४ अंशाचा फरक असला तरी १२ मीटरच्या टोकाला ८४ मिलिमीटर सरकतात, म्हणजे चार इंची भिंतीची जवळजवळ पूर्ण जाडी. म्हणून टूलटिपवर कोन वाचा आणि मगच आकडा टाका. ही सवय लागायला आठवडा जातो, पण लावून घ्याच.

दुसरं, पोलरपेक्षा ऑब्जेक्ट स्नॅपचा अधिकार मोठा. तुम्ही ९० अंशाच्या तुटक रेषेवर आहात, पण जवळच दुसऱ्या भिंतीचं टोक आहे. क्लिक करायच्या वेळी टोकाची खूण उमटली तर बिंदू त्या टोकावर जातो, कोन गेला खड्ड्यात. अशा गर्दीच्या जागी क्लिक करण्याऐवजी अंतर टाइप करा, किंवा `non` टाइप करून त्या क्लिकपुरते सगळे स्नॅप बाजूला ठेवा.

शंका आली की `UNITS` मध्ये कोनाची अचूकता दोन दशांशांवर न्या, मग रेषा सिलेक्ट करून `LIST` द्या. कोन ९० ऐवजी ८९.६ किंवा ९०.३ असा निघाला की यातलंच एक घडलंय. डायमेन्शनवर विसंबू नका, त्याचं कारण हॅचच्या प्रश्नात खाली दिलं आहे.

प्लॉट चौरस नाही, कोन मोजायचं साधन नाही, फक्त टेपने मापं आणली आहेत. कसा काढू?

गुंठेवारीतल्या प्लॉटवर आणि गावठाणातल्या जुन्या घरांवर ही नेहमीची गोष्ट आहे. चार बाजू मोजून आणल्या म्हणून आकार ठरत नाही. त्याच चार बाजूंचा प्लॉट डावीकडेही झुकू शकतो आणि उजवीकडेही. म्हणून साइटवर निदान एक कर्ण मोजलाच पाहिजे, आणि दुसरा तपासणीसाठी.

समजा मापं अशी आहेत. रस्त्याची बाजू अ-ब ९.०० मीटर, डावी बाजू अ-ड १२.०० मीटर, उजवी बाजू ब-क १२.४१ मीटर, मागची ड-क ८.३६ मीटर. कर्ण ब-ड १४.२३ मीटर आणि कर्ण अ-क १५.६८ मीटर.

`LINE` घ्या, कुठेही क्लिक करा तो अ. पोलरवर ० अंश दिसू द्या, `9000` टाका, ब मिळाला. आता ड कुठे आहे? अ पासून १२००० वर आणि ब पासून १४२३० वर. मग `CIRCLE` घेऊन अ च्या टोकावर स्नॅप करून त्रिज्या `12000`, ब च्या टोकावर स्नॅप करून त्रिज्या `14230`. ही वर्तुळं दोन जागी छेदतात, एक रस्त्याच्या वर आणि एक खाली. प्लॉट ज्या बाजूला आहे तिकडचा छेद स्नॅप म्हणजे ड. तसंच ब वरून `12410` आणि ड वरून `8360` त्रिज्येची वर्तुळं काढा. त्यांच्या छेदांपैकी ब-ड कर्णाच्या पलीकडे, अ च्या विरुद्ध अंगाला असलेला तो क. चारही बिंदू `PLINE` ने जोडा, शेवटी `C` देऊन बंद करा आणि वर्तुळं पुसून टाका. एकही कोऑर्डिनेट लिहावा लागला नाही.

आता तपासणी. `DIST` घेऊन अ आणि क च्या टोकांवर स्नॅप करा. सुमारे १५६७७ येतं, टेपवर १५६८० होतं. तीन मिलिमीटरचा फरक मापं सेंटिमीटरपर्यंतच घेतल्यामुळे आहे, चालेल. तोच फरक ८०-१०० मिलिमीटर आला तर एखादं माप चुकलेलं आहे. कोणतं, हे ऑटोकॅड सांगू शकत नाही. परत टेप घेऊन जावं लागतं.

या प्लॉटचा अ जवळचा कोन काढला तर साधारण ८४.०२ अंश निघतो. "दिसतोय तर काटकोनच" म्हणून पोलरवर ९० ने डावी बाजू उभी केली असती तर मागचा कोपरा ड आडव्या दिशेने १२५० मिलिमीटर, म्हणजे सव्वा मीटर चुकला असता. शेजाऱ्याची भिंत तिथेच असते, हे वेगळं सांगायला नको.

अशा तिरक्या प्लॉटवर मार्जिन सोडून घराचा कोपरा कसा पकडू?

मार्जिन हद्दीला लंब मोजतात, म्हणून अ पासून आडवं-उभं अंतर टाकून चालणार नाही. समोरून ३००० आणि बाजूने १००० सोडायचे असतील तर (आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, तुमच्याकडचा नियम बघा) अ-ब रेषा `OFFSET` ने ३००० आत घ्या, अ-ड १००० आत घ्या, आणि त्या दोन रेषांच्या छेदावर स्नॅप करा. वरच्या प्लॉटमध्ये हद्द पॉलीलाइन असेल तर `OFFSET` चारही बाजू एकाच अंतराने आत घेईल, म्हणून आधी तिची एक प्रत `EXPLODE` करून घ्या.

रस्ताच तिरका आहे. सगळ्या भिंती रस्त्याला समांतर हव्यात, पोलर तर पडद्याच्या आडव्यालाच आडवा धरतो.

मोजणीच्या नकाशावर उत्तर दिशा वर ठेवून काम केलं की हे होतंच. उपाय दोन आहेत.

एक-दोनच भिंती असतील तर `DSETTINGS` मध्ये पोलरचं मोजमाप `Relative to last segment` करा. मग ९० म्हणजे तुम्ही नुकत्याच काढलेल्या रेषेला ९०. काम झाल्यावर परत `Absolute` करा, नाहीतर पुढच्या ड्रॉइंगला डोकं धरून बसाल.

पूर्ण प्लॅन काढायचा असेल तर अक्षच फिरवा:

```
UCS
OB
```

आणि रस्त्याच्या रेषेवर अ च्या टोकाजवळ क्लिक करा. ज्या टोकाजवळ क्लिक कराल ते शून्य धरलं जातं आणि रेषेची दिशा नवा आडवा अक्ष होते. आता पोलरचे ० आणि ९०, ऑर्थो, टाइप केलेली अंतरं, सगळं रस्त्याच्या हिशोबाने चालतं. ड्रॉइंग जागेवरून हललेलं नसतं. मान वाकडी करून काम करायचं नसेल तर `PLAN` देऊन दृश्यही सरळ करून घ्या. शेवटी `UCS`, मग `W` देऊन मूळ अक्षावर या. प्लॅन `ROTATE` करून सरळ करणारेही आहेत. मला ते पसंत नाही, कारण परत फिरवताना नेमका कोन आठवत नाही.

`F11` च्या ट्रॅकिंगमध्ये बिंदू पकडलाच जात नाही. क्लिक करतो तर रेषाच सुरू होते.

क्लिक करायचंच नाही, हीच त्याची मेख आहे. `F3` आणि `F11` दोन्ही चालू ठेवा. कमांडने बिंदू मागितला की कर्सर टोकावर नेऊन क्षणभर थांबा. तिथे छोटंसं अधिक चिन्ह उमटतं, म्हणजे बिंदू नोंदला गेला. आता कर्सर बाजूला न्या, त्या बिंदूपासून तुटक रेषा निघते. परत त्याच बिंदूवर गेलात तर नोंद पुसली जाते, त्यामुळे कर्सर उगाच मागेपुढे नेऊ नका.

समजा स्वयंपाकघराची भिंत हॉलच्या भिंतीच्या टोकापासून सरळ खाली ३००० वर सुरू करायची आहे. `LINE` द्या, हॉलच्या टोकावर थांबा, खाली या, तुटक रेषा दिसली की `3000` टाका. अंतर त्या नोंदलेल्या टोकापासून मोजलं जातं, मधली मदतीची रेषा काढायची गरज उरत नाही. दोन बिंदू नोंदले तर एकाच्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या तुटक रेषेचा छेदही पकडता येतो.

तिरक्या भिंतींवर ट्रॅकिंग फक्त आडवं-उभंच येत असेल तर त्याच पोलरच्या टॅबवर `Track using all polar angle settings` निवडा.

कोपऱ्यापासून ६०० सोडून खिडकी सुरू करायची आहे. दरवेळी मापाची रेषा काढून पुसतो. दुसरी रीत?

`FROM` वापरा. कमांडने बिंदू मागितला की `from` टाइप करून एंटर, भिंतीच्या आतल्या कोपऱ्यावर स्नॅप, मग `@600,0`. `@` विसरू नका, त्याच्याशिवाय आकडा ड्रॉइंगच्या मूळ शून्यापासून मोजला जाऊन खिडकी भलतीकडेच पळते. तिरक्या भिंतीवर `@600<84.02` असं कोनासह देता येतं, किंवा वरच्या प्रश्नाप्रमाणे अक्ष फिरवून घ्या. एकाच दिशेत सरकायचं असेल तर `F11` चं ट्रॅकिंगही तेच काम करतं. `FROM` ची खरी मजा दोन्ही दिशांत एकदम सरकायचं असताना.

खोलीच्या मध्यावर पंख्याचा पॉइंट द्यायचा आहे. तीन पद्धतींनी तीन जागा आल्या!

खोली चौकोनी पण काटकोनात नसेल तर येणारच. `m2p` देऊन समोरासमोरचे दोन कोपरे पकडले तर एका कर्णाचा मध्य मिळतो, दुसरा कर्ण घेतला तर दुसराच. बाजूंच्या मध्यांवरून ट्रॅकिंग केलं तर आणखी वेगळी जागा. `gce` हा २०१६ च्या आवृत्तीपासूनचा स्नॅप बंद पॉलीलाइनचा भूमितीय मध्य देतो, पण भिंती सुट्या रेषांच्या असतील तर तो लागत नाही. आधी `BOUNDARY` देऊन खोलीत क्लिक करा, बंद पॉलीलाइन तयार होते, मग तिच्यावर `gce`. काटकोनातल्या खोलीत मात्र सगळ्या पद्धती एकच जागा देतात, तिथे `m2p` सर्वांत झटपट.

रेषा टेकलेल्या दिसतात, तरी हॅच भरत नाही.

कुठेतरी स्नॅप न लागता डोळ्याने क्लिक झालंय. कोपऱ्यावर जबर झूम करा, फट दिसेल. डायमेन्शन ३००० दाखवतंय म्हणून फसू नका. डायमेन्शनमध्ये दशांश शून्य ठेवलेला असतो, त्यामुळे २९९९.६ सुद्धा ३००० छापलं जातं. `UNITS` मध्ये लांबीची अचूकता चार दशांशांवर नेऊन `DIST` ने मोजा, खरा आकडा समोर येतो. फट सापडली की `FILLET` ची त्रिज्या शून्य ठेवून दोन्ही रेषांवर क्लिक करा, कोपरा बरोबर जुळतो.

स्कॅन केलेल्या नकाशावर स्नॅप लागत नाही.

ते चित्र आहे, त्यात रेषा नाहीत, नुसते ठिपके आहेत. चित्राच्या चौकटीशिवाय तिथे पकडायला काही नसतं. पीडीएफ थेट कॅडमधून काढलेली असेल तर तिच्या रेषांवर स्नॅप लागू शकतो. ती अंडरले म्हणून जोडा आणि `PDFOSNAP` ची किंमत १ आहे का बघा.

एक लिस्प चालवला आणि तेव्हापासून सगळे स्नॅप गायब. `F3` दाबूनही खुणा नाहीत.

लिस्प लिहिणारे काम सुरू करताना `OSMODE` शून्य करतात आणि शेवटी पूर्ववत करतात. तुम्ही मध्येच `Esc` दाबलं की शेवट येतच नाही, शून्य तसंच राहतं. वर दिलेली ३९ ची कमांड द्या. तिथे १६४२३ असा आकडा दिसला तर तो ३९ अधिक १६३८४ आहे, म्हणजे स्नॅप निवडलेले आहेत, `F3` ने फक्त बंद आहेत.

टाइप केलेला कोऑर्डिनेटच जवळच्या टोकावर ओढला जात असेल तर `OSNAPCOORD` बघा. तो ० असेल तर स्नॅप टाइपिंगवर मात करतो. २ ठेवा. पण २ असताना स्क्रिप्टला ही सूट मिळत नाही, म्हणून स्क्रिप्टमधल्या बिंदूआधी `_non` लिहायचं.

टोटल स्टेशनच्या ड्रॉइंगवर स्नॅप करून रेषा काढली. `DIST` ९००५ म्हणतो, डायमेन्शन ९०००. कोण खरं?

दोन्ही. सर्वेच्या बिंदूंना पातळी असते, आणि स्नॅप ती पातळीही उचलतो. एका टोकाला दुसऱ्यापेक्षा ३०० मिलिमीटर जास्त उंची असेल तर उतारावरून मोजलेली लांबी ९००५ येते, तर लीनियर डायमेन्शन जमिनीवर सपाट पाडलेली ९००० दाखवतं. `DIST` च्या उत्तरात `Delta Z` शून्य नसेल तर हेच घडलं आहे. प्लॅनसाठी काम सुरू करण्याआधी `OSNAPZ` ची किंमत १ करा, मग स्नॅप आडवं-उभं स्थान घेतो आणि उंची चालू पातळीचीच धरतो. आधीच काढून झालेल्या रेषा या सेटिंगने सुधारत नाहीत. त्या निवडून प्रॉपर्टीजमध्ये `Start Z` आणि `End Z` शून्य करा. सर्वेचे मूळ बिंदू मात्र तसेच राहू द्या, कटिंग-फिलिंगच्या हिशोबाला तीच पातळी लागते.